चंद्रराशीवरून एका महिन्याचं गोचर कसं बघायचं (वृश्चिक रास, मे २०२५ हे उदाहरण घेऊन)

पेपरातलं किंवा कॅलेंडरच्या मागचं मासिक राशीभविष्य बहुतेक जण वाचतात, पण ते कशावरून काढलेलं असतं हे फार कमी जणांना माहीत असतं. आपल्याकडे ते काढतात जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत होता तिथून, म्हणजे जन्मरास पहिलं स्थान धरून आत्ताचे ग्रह कितव्या स्थानातून चाललेत ते मोजायचं, यालाच गोचर म्हणतात. मोजणी सोपी आहे, शाळकरी पोरालाही जमेल, पण त्यावरून एका ठरावीक महिन्याबद्दल काही नेमकं म्हणायचं असेल तर मोजणीनंतरची दोन-तीन कामं करावी लागतात आणि तीच सहसा कोणी करत नाही. ग्रह चांगल्या स्थानात आला की चांगला, वाईटात आला की वाईट, एवढ्यावरच भविष्य सांगून मोकळे होतात.

या लेखात एकच रास आणि एकच महिना घेतलाय, वृश्चिक रास आणि मे २०२५. हा महिना मुद्दाम निवडला, कारण त्यात रवी, बुध, गुरू, राहू-केतू सगळ्यांनी राशी बदलल्या, शेवटच्या दिवशी शुक्रानेही बदलली, आणि वेध म्हणजे काय हे यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं फार थोड्या महिन्यांत दिसतं. उदाहरणासाठी एक काल्पनिक मुलगी धरू, वय तीस, वृश्चिक रास, अनुराधा नक्षत्र पहिलं चरण, सध्या बुधाची महादशा चालू, आणि तिचा प्रश्न असा की मे महिन्यात नोकरीसाठी इंटरव्ह्यू द्यायचेत तर कधी द्यावेत आणि महिना एकंदर कसा जाईल.

आधी जन्मरास पक्की करा

हे सांगायची गरज वाटत नाही पण घोळ इथेच जास्त होतात. इंग्रजी साइटवर जन्मतारीख टाकली की जी रास मिळते ती सूर्याची असते आणि तीही सायन पद्धतीची, तिचा इथे काही उपयोग नाही. आपल्याला हवी चंद्राची, निरयन, चित्रापक्ष म्हणजेच लाहिरी अयनांशाची. सायन आणि निरयन यात सध्या साधारण २४ अंशांचा फरक आहे, त्यामुळे रास बदलूनच जाते. तुमचं ॲप कुठल्या पद्धतीचं आहे हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे त्यात मे २०२५ चा रवी बघा, रवी १४ मेच्या मध्यरात्रीच्या आसपास वृषभेत जाताना दिसला तर निरयन, आणि २० मेच्या सुमारास मिथुनेत जाताना दिसला तर सायन.

चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे जन्मवेळ दहा-पंधरा मिनिटांनी इकडेतिकडे झाली तरी सहसा रास बदलत नाही. पण चंद्र राशीच्या अगदी टोकाला असेल, म्हणजे पहिल्या किंवा शेवटच्या अंशात, तर मात्र जन्मवेळ नीट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. विशाखा नक्षत्राची माणसं याची नेहमीची गिऱ्हाइकं, कारण विशाखाची पहिली तीन चरणं तूळेत आणि चौथं वृश्चिकेत. चरण चुकलं की रास चुकली आणि मग सगळी मोजणी एका घराने सरकली.

महिन्याचे तुकडे पाडा

आता पंचांग घ्या, दाते असो की कुठलंही, आणि त्या महिन्यात कोणता ग्रह कधी रास बदलतोय ते लिहून काढा. याला राशीपालट म्हणतात आणि महिन्याचं भविष्य म्हणजे मुळात या पालटांचीच गोष्ट असते, कारण जो ग्रह महिनाभर हललाच नाही तो त्या महिन्याची बातमी नसतो, तो पार्श्वभूमी असतो. शनी एका राशीत अडीच वर्षं, राहू-केतू दीड वर्ष, गुरू साधारण वर्षभर. वृश्चिकेला शनी पाचवा आलाय हे मे २०२५ मध्ये खरं आहे पण ते एप्रिलमध्येही खरं होतं आणि डिसेंबरमध्येही खरंच असणार, मग त्याला मे महिन्याचं फळ कसं म्हणणार.

मे २०२५ चे पालट असे: बुध ७ तारखेला मीनेतून मेषेत, गुरू १४ च्या रात्री वृषभेतून मिथुनेत, रवी त्याच रात्री मेषेतून वृषभेत, राहू १८ ला मीनेतून कुंभेत आणि केतू कन्येतून सिंहेत, बुध पुन्हा २३ ला मेषेतून वृषभेत, शुक्र ३१ ला मीनेतून मेषेत. मंगळ महिनाभर कर्केत, शनी महिनाभर मीनेत.

राहूच्या तारखेवरून वाद होतात म्हणून सांगून ठेवतो, बहुतेक पंचांगांत १८ मे दिसेल पण काही सॉफ्टवेअरमध्ये मे महिन्याचे शेवटचे दिवस दिसतात. चूक कोणाचीच नाही, एकात मध्यम राहू धरलाय आणि दुसऱ्यात स्पष्ट राहू, सेटिंग एकच ठेवा म्हणजे झालं. आणि परदेशात असाल तर पालट होतो त्याच क्षणी, फक्त घड्याळ वेगळं, गुरूचा पालट भारतात १४ मेला रात्री अकराच्या आसपास होता तेव्हा न्यू जर्सीत त्याच दिवशीची दुपार होती. इथलं पंचांग वापरत असाल तर वेळ बदलून घ्या, नाहीतर चंद्राच्या बाबतीत अर्धा दिवस चुकतो.

यावरून महिन्याचे ढोबळ तीन तुकडे पडतात: १ ते १४, १५ ते २३, आणि २३ नंतरचा आठवडा. पुढचं सगळं या तीन तुकड्यांवर करायचं.

स्थान मोजा

मोजताना जन्मरास स्वतः एक धरायची, ती सोडून पुढून मोजायचं नाही. वृश्चिक १, धनु २, मकर ३, कुंभ ४, मीन ५, मेष ६, वृषभ ७, मिथुन ८, कर्क ९, सिंह १०, कन्या ११, तूळ १२. खाली प्रत्येक ग्रहाची शुभ स्थानं दिलीत आणि त्यापुढे त्याच क्रमाने वेधाची स्थानं, वेध म्हणजे काय ते लगेच पुढे येतंय. यातली बरीच मांडणी फलदीपिकेतल्या गोचराच्या अध्यायात मिळते.

- रवी: ३, ६, १०, ११ शुभ. वेध ९, १२, ४, ५.
- चंद्र: १, ३, ६, ७, १०, ११ शुभ. वेध ५, ९, १२, २, ४, ८.
- मंगळ आणि शनी: ३, ६, ११ शुभ. वेध १२, ९, ५.
- बुध: २, ४, ६, ८, १०, ११ शुभ. वेध ५, ३, ९, १, ८, १२.
- गुरू: २, ५, ७, ९, ११ शुभ. वेध १२, ४, ३, १०, ८.
- शुक्र: १, २, ३, ४, ५, ८, ९ शुभ. वेध ८, ७, १, १०, ९, ५, ११. शिवाय ११ आणि १२ पण शुभ, पण त्या दोघांच्या वेधाबद्दल ग्रंथांत एकवाक्यता नाही.

राहू-केतूंना बहुतेक जण शनीसारखं ३, ६, ११ शुभ धरतात, वेधात त्यांना धरावं की नाही यावर मतभेद आहेत, मी धरत नाही.

आता आपल्या मुलीचं बघू. १ ते १४ मे: रवी सहावा, शुभ. गुरू सातवा, शुभ. शुक्र पाचवा, शुभ. बुध ७ पासून सहावा, शुभ. मंगळ नववा आणि शनी पाचवा, दोन्ही अशुभ. १५ नंतर रवी सातवा झाला आणि गुरू आठवा, दोन्ही अशुभात गेले. २३ नंतर बुधही सातवा, म्हणजे तोही गेला. वरवर बघणारा इथेच थांबून सांगेल की पहिला पंधरवडा झकास आणि दुसरा बेकार, आणि बरेचसे मासिक लेख असेच लिहिलेले असतात. थांबायचं नाही.

वेध: खरी मेख इथे आहे

वेध म्हणजे अडवणूक. एखादा ग्रह शुभ स्थानात आहे पण त्याच्या जोडीच्या वेधस्थानात त्याच वेळी दुसरा ग्रह बसला असेल तर ते शुभ फळ मिळत नाही किंवा अडकून पडतं. याचं उलटंही असतं आणि ते बरेच जण विसरतात, ग्रह जर वेधस्थानात असेल, म्हणजे अशुभ असेल, आणि जोडीच्या शुभ स्थानात दुसरा ग्रह असेल तर अशुभ फळही अडतं, याला वामवेध किंवा विपरीत वेध म्हणतात. दोन अपवाद लक्षात ठेवा, रवी आणि शनी एकमेकांना वेध करत नाहीत, तसंच चंद्र आणि बुधही. पिता-पुत्र म्हणून.

आता मे २०२५ मधला मंगळ बघा. वृश्चिकेपासून तो नववा, कर्केत, नीचेचा. नववं स्थान कोणाकोणाचं वेधस्थान आहे? बुध सहावा असेल तर त्याचं वेधस्थान नववं. शुक्र पाचवा असेल तर त्याचंही नववं. म्हणजे हा एकटा मंगळ बुधालाही अडवतोय आणि शुक्रालाही, आणि शुक्र तर मीनेत उच्चीचा आहे, कागदावर सगळ्यात देखणा ग्रह तोच होता. आपल्या मुलीला महादशा बुधाची, त्यामुळे बुधाचं सहावं स्थान तिच्यासाठी महिन्यातली सगळ्यात मोठी आशा होती, स्पर्धेत सरशी, इंटरव्ह्यूत बोलणं पटणं वगैरे, आणि नेमकं तेच मंगळाने धरून ठेवलंय.

रवीचं काय? रवी सहावा, वेधस्थान बारावं म्हणजे तूळ, तिथे चंद्र सोडला तर महिनाभर कोणी नाही. रवी मोकळा. गुरू सातवा, वेधस्थान तिसरं म्हणजे मकर, पहिल्या पंधरवड्यात तिथेही कोणी नाही. गुरूही मोकळा.

आता विपरीत बाजू. मंगळाची जोडी सहा-नऊ. मंगळ नववा अशुभ, पण सहाव्यात १४ पर्यंत रवी आणि ७ ते २३ बुध आहे, म्हणजे १ पासून २३ पर्यंत मंगळाचं अशुभ फळही अडलेलंच आहे. बुध आणि मंगळ एकमेकांना धरून बसलेत, ना याचं चांगलं मिळतंय ना त्याचं वाईट. २३ ला बुध सहाव्यातून उठतो आणि मग मंगळ मोकळा होतो. नवव्या मंगळाची फळं ग्रंथात अंगदुखी, थकवा, मानहानी, खर्च अशी सांगितलीत. म्हणून महिन्यातला खरा नाजूक आठवडा दुसऱ्या पंधरवड्याचा सगळा नव्हे, २३ नंतरचा.

शनी पाचवा, याची सुटका अकराव्यातल्या ग्रहाने झाली असती, म्हणजे कन्येतल्या. तिथे १८ पर्यंत केतू होता. केतूला वेधात धरणारे म्हणतील शनी १८ पर्यंत अडला, मी म्हणेन नाही अडला. असे प्रश्न येतात तेव्हा एक पद्धत ठरवा आणि तीच कायम ठेवा, सोयीप्रमाणे बदलू नका.

वेध झाला की फळ पूर्ण शून्य होतं असं ग्रंथ म्हणतात, पण माझा कल फळ अर्ध्यावर आलं असं मानण्याकडे आहे, विशेषतः अडलेला ग्रह उच्चीचा असेल तर.

राशीच्या कुठल्या भागात फळ मिळतं

रवी आणि मंगळ राशीत शिरताच फळ देतात, म्हणजे पहिल्या दहा अंशांत. गुरू आणि शुक्र मधल्या भागात. शनी आणि चंद्र शेवटच्या भागात. बुध पूर्ण राशीभर. महिना बघताना हा नियम फार कामाचा आहे कारण महिन्याच्या आकाराचं भविष्य याशिवाय निघतच नाही.

मे महिन्यावर हा लावून बघा, चित्र परत बदलतं. गुरू १ मेला वृषभेच्या २७ अंशांच्या आसपास होता, म्हणजे सातव्या गुरूचं फळ देऊन झालेलं होतं, ते हिवाळ्यातच मिळून गेलं असणार. त्याचप्रमाणे १४ च्या रात्री तो मिथुनेत शिरला म्हणून १५ ला सकाळी आठवा गुरू लागू झाला असं घाबरायचं कारण नाही, महिनाअखेरीला तो जेमतेम चार अंशांत होता. आठव्या गुरूचं जे काही व्हायचं ते जुलैच्या आगेमागे जाणवेल. मंगळ महिन्याच्या सुरुवातीलाच ११ अंश ओलांडून गेला होता, म्हणजे त्याचाही जोर एप्रिलमध्येच संपत आलेला. शनी मीनेच्या तीन ते सहा अंशांत, अजून त्याची वेळच आली नव्हती.

मग या महिन्यात ताजं फळ कोणाचं? एकट्या रवीचं, वृषभेत शिरल्यापासून पहिले दहा अंश, म्हणजे १५ ते २५ मे. सातवा रवी: प्रवासाची दगदग, पोटाच्या तक्रारी, जोडीदाराशी किंवा ज्याच्यासमोर बसून व्यवहार करायचाय त्याच्याशी खटके. शुक्र मेच्या मध्यात राशीच्या मधल्या भागात होता पण अडलेला, आणि बुध राशीभर फळ देतो पण तोही ७ ते २३ अडलेला आहे.

म्हणजे बघा, स्थानांवरून पहिला पंधरवडा झकास वाटत होता तो प्रत्यक्षात मध्यम निघाला, कारण गुरूचा भर ओसरलेला, रवीचं सहाव्यातलं ताजं फळ १४ ते २४ एप्रिलमध्ये होऊन गेलेलं, बुध-शुक्र अडलेले. आणि दुसरा पंधरवडा बेकार वाटत होता तोही तितका वाईट नाही.

मूर्ती आणि अष्टकवर्ग, थोडक्यात

मोठ्या ग्रहाने रास बदलली असेल तर त्या क्षणी चंद्र जन्मराशीपासून कितवा होता ते बघायची पद्धत आहे. १, ६, ११ असेल तर सुवर्ण, २, ५, ९ रजत, ३, ७, १० ताम्र, ४, ८, १२ लोह. १४ मेच्या रात्री गुरूने मिथुनेत प्रवेश केला तेव्हा चंद्र वृश्चिकेतच होता, म्हणजे आपल्या मुलीला पहिला, सुवर्णमूर्ती. आठवा गुरू खरा पण सोन्याच्या पायाने आलेला, त्यामुळे आठव्याची धार पुष्कळ कमी होते असं मानतात. त्याच गुरूचं मकर राशीला काय? मकरेपासून वृश्चिक अकरावी, तिलाही सुवर्ण. सिंहेला चौथी, लोह, आणि सिंहेला गुरू अकरावा म्हणजे उत्तम स्थानात आलेला, तरी लोहमूर्ती. फक्त स्थान बघणारा सिंहेला जे भरभरून सांगेल ते मी जरा हात राखून सांगेन.

अष्टकवर्ग काढता येत असेल तर ग्रह ज्या राशीत आलाय तिथे त्या ग्रहाचे स्वतःचे बिंदू बघा, आठपैकी चार म्हणजे मध्यम, पाचच्या वर गेले तर वाईट स्थानातला ग्रहही फार त्रास देत नाही, तीन किंवा कमी असले तर चांगल्या स्थानातलाही हात आखडता घेतो. एकाच राशीच्या दोन माणसांना एकच गोचर वेगळं का जातं याचं अर्धं उत्तर इथे असतं. सॉफ्टवेअर हे एका क्लिकमध्ये देतं, हाताने काढत बसू नका.

दिवस कसे निवडायचे

महिन्याचा पोत कळला की तारखा चंद्रावरून. चंद्राची शुभ स्थानं वर दिलीत, त्यांनाही वेध लावायचा, आणि मग ताराबळ.

आपल्या मुलीसाठी चंद्र दहावा आणि अकरावा असेल ते दिवस नोकरीसाठी बघायचे, म्हणजे सिंह आणि कन्येतला चंद्र: ५ मेच्या दुपारपासून १० मेच्या दुपारपर्यंत. दहाव्याचं वेधस्थान चौथं, कुंभ, रिकामं. अकराव्याचं आठवं, मिथुन, गुरू अजून तिथे आलेला नाही, रिकामं. दोन्ही मोकळे. याउलट १३ पहाटेपासून १५ दुपारपर्यंत चंद्र वृश्चिकेत, पहिला, शुभ, पण पाचव्यात शनी आणि शुक्र बसलेत, वेध. १८ ते २० सकाळपर्यंत मकरेत, तिसरा, शुभ, पण नवव्यात परत तोच मंगळ, वेध. २४ दुपार ते २६ दुपार मेषेत, सहावा, मोकळा. त्यानंतर २८ दुपारपर्यंत वृषभेत, सातवा, वेध नाही पण २७ ला अमावस्या, चंद्र क्षीण, त्यामुळे त्याचा मोठा आधार नाही.

५ ते १० मधले सगळे तास सारखे नसतात, तिथे ताराबळ कामाला येतं. जन्मनक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, जन्मनक्षत्र एक धरून, नवाने भागायचं, बाकी बघायची: १ जन्म, २ संपत, ३ विपत, ४ क्षेम, ५ प्रत्यरी, ६ साधक, ७ वध, ८ मित्र, ९ म्हणजे बाकी शून्य तर अतिमित्र. तीन, पाच, सात टाळायच्या. अनुराधेपासून मघा एकविसावं, बाकी तीन, विपत. पूर्वा फाल्गुनी क्षेम. उत्तरा फाल्गुनी प्रत्यरी. हस्त साधक. चित्रा वध. पूर्वा फाल्गुनी ६ मेच्या दुपारनंतर सुरू होऊन ७ च्या संध्याकाळपर्यंत होतं, आणि हस्त ८ च्या रात्रीपासून ९ च्या मध्यरात्रीपर्यंत. म्हणजे इंटरव्ह्यूसाठी ७ मे बुधवार दिवसभर आणि ९ मे शुक्रवार. त्यातला ९ जास्त चांगला, साधक तारा आणि चंद्र अकरावा.

अष्टम चंद्राचे दिवस सगळे विचारतात. मिथुनेतला चंद्र मे महिन्यात दोनदा आला, १ ते ३ सकाळपर्यंत आणि २८ दुपार ते ३० दुपार. पण सव्वादोन दिवस घरात कोंडून बसायची गरज नाही. मिथुनेत मृगाचा उत्तरार्ध, आर्द्रा आणि पुनर्वसूची तीन चरणं, त्यात अनुराधेला मृग वध तारा आणि बाकी दोन मित्र-अतिमित्र. म्हणून जपायचं ते मुख्यतः २८ मेची दुपार ते मध्यरात्र, आणि तो आठवडा मंगळ मोकळा सुटल्याचाच आहे हे आठवा. दोन गोष्टी एका जागी आल्या की त्या वेळेला वजन येतं. एकटा अष्टम चंद्र दर महिन्याला येतो, त्याने काही होत नसतं.

हे सगळं एकत्र करून सांगायचं कसं

मी तिला असं लिहून देईन: «महिना मध्यम. पहिल्या आठ-दहा दिवसांत काम हलेल पण निकाल अडकल्यासारखा वाटेल, समोरचे हो म्हणतील आणि कागद येणार नाही. इंटरव्ह्यू ७ किंवा ९ ला ठेव. १५ ते २५ धावपळ, बाहेरचं खाणं टाळ, घरी किंवा ऑफिसात समोरासमोर वाद वाढवू नकोस. २३ नंतर नवीन काही सुरू करू नकोस, २८ ला संध्याकाळी महत्त्वाचं बोलणं नको. गुरू आठवा आलाय त्याची आत्ता काळजी नको.»

बघा, यात कुठेही «नोकरी लागेल» असं वाक्य नाही. ते गोचरावरून सांगताच येत नाही. नोकरी मिळणं-न मिळणं जन्मपत्रिकेत योग आहे का आणि दशा त्या स्थानाची आहे का यावर ठरतं, गोचर फक्त वेळ जवळ आणतं किंवा लांबवतं. तिची बुधाची महादशा असल्यामुळे बुधाच्या पालटांना मी जास्त भाव दिला, हीच मुलगी केतूच्या दशेत असती तर १८ मेच्या राहू-केतू पालटावर अर्धा लेख गेला असता. आणि एका राशीत जगातली बारावा हिस्सा माणसं येतात, सगळ्यांचा महिना सारखा जाईल हे कोणीच म्हणू नये. पोट दुखतंय तर डॉक्टर, सातवा रवी बघून अंगावर काढू नका.

भविष्य बरोबर आलं का हे तपासायचं तर महिना सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा, तारखांसकट. महिना संपल्यावर गोचर बघितलं की सगळंच जुळतं. तारखा चार-पाच दिवसांनी सतत पुढे-मागे होत असतील तर पालटाच्या वेळा किंवा अयनांश तपासा. गोष्ट घडते पण उलट्या रंगाची, असं वारंवार होत असेल तर बहुतेक वेळा वेध बघायचा राहिलेला असतो. आणि काहीच जुळत नसेल तर जन्मरासच परत तपासा.

जून २०२५ स्वतः करून बघायचा असेल तर सुरुवात इथून करा: शुक्र मेषेत म्हणजे सहावा, अशुभात गेलेला. बुध ६ जूनला मिथुनेत, आठवा, आणि आठवा बुध शुभ असतो हे विसरू नका, त्याचं वेधस्थान पहिलं, तिथे फक्त चंद्र येणार आणि चंद्र बुधाला वेध करत नाही. मंगळ ७ जूनला सिंहेत गेला की नववं रिकामं होतं. रवी १५ च्या आसपास मिथुनेत. आणि जूनमध्ये चंद्र कन्येत अकरावा येईल तेव्हा आठव्यात गुरू बसलेला असेल, तेव्हा मेमध्ये जे दिवस सगळ्यात मोकळे होते तेच जूनमध्ये वेधात सापडतात.